बचत खात्यात पडून असलेले पैसे आणि महागाई: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीचा बोनस जमा झाला की आणि मार्चअखेर आली की हे प्रश्न हमखास येतात. विचारणाऱ्यांत एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातले कामगार असतात, शिक्षक असतात, पूर्व भागातले यंत्रमागवाले असतात आणि नुकतेच निवृत्त झालेलेही असतात. तेच ते पुन्हा लिहिण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी मांडलं आहे. व्याजदर बदलत राहतात, म्हणून उदाहरणांतले आकडे नमुना समजा आणि त्यांच्या जागी तुमच्या बँकेचा आजचा दर घाला.

१. पासबुकात रक्कम तर दर तिमाहीला वाढलेलीच दिसते. मग पैसे झिजतात म्हणजे नेमकं काय होतं?

पासबुक रुपये मोजतं. त्या रुपयांत काय येतं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. २०१९-२० च्या अखेरीस कुणी ३ लाख रुपये बचत खात्यात ठेवले आणि पाच वर्षं हात लावला नाही, असं धरू. त्या काळात मोठ्या सरकारी बँकेचा बचत खात्याचा दर २.७ टक्क्यांच्या आसपास होता. त्या दराने पाच वर्षांत रक्कम साधारण ३ लाख ४३ हजार झाली.

आता दुसरी बाजू. ग्राहक किंमत निर्देशांकानुसार देशातली सरासरी महागाई २०२०-२१ मध्ये ६.२ टक्के, पुढच्या वर्षी ५.५, मग ६.७, मग ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६ टक्के होती. हे आकडे एकावर एक चढतात. त्यामुळे सुरुवातीला जे सामान ३ लाखांत येत होतं, त्याला पाच वर्षांनी सुमारे ३ लाख ९५ हजार लागले. खात्यात मात्र ३ लाख ४३ हजारच आहेत. चोरी झालेली नाही, बँकेने फसवलेलंही नाही, तरी ५२ हजारांचं सामान हातातून गेलं. खरेदीची ताकद सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाली आणि पासबुकात त्याची एकही नोंद नाही.

२. बचत खात्याचं व्याज मोजतात तरी कसं? दहा तारखेच्या आत पैसे भरायला हवेत ना?

तो नियम कधीच गेला. पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर व्याज मिळायचं. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकीवर व्याज मोजलं जातं. त्यामुळे तारखा सांभाळून पैसे भरण्यात आता काही अर्थ नाही.

दर किती हे ऑक्टोबर २०११ पासून प्रत्येक बँक स्वतः ठरवते. स्टेट बँकेने १५ जून २०२५ पासून तो २.५ टक्के केला. पोस्टाच्या बचत खात्याला ४ टक्के मिळतात. २.५ टक्क्यांनी ३ लाखांवर वर्षाला ७,५०० रुपये येतात. महागाई ५ टक्के धरली, तर नुसती ताकद टिकवायला १५,००० हवेत. राहिलेले ७,५०० दरवर्षी तुम्ही भरता, महिन्याला ६२५ रुपये, आणि त्याची पावती मिळत नाही.

३. सरकार ५ टक्के म्हणतं, पण माझ्या घरचा खर्च त्याच्या दुप्पट वाढलाय. मग कुठला आकडा खरा?

दोन्ही खरे असू शकतात. सरकारी निर्देशांक सरासरी कुटुंबाच्या खर्चावर बेतलेला असतो. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. तुमच्या घरात दोन मुलं कॉलेजात असतील आणि एका ज्येष्ठांची औषधं चालू असतील, तर तुमच्या खर्चाची घडणच वेगळी. ज्याचं स्वतःचं घर आहे आणि मुलं कमावती झाली आहेत, त्याची महागाई सरासरीपेक्षा कमीही निघू शकते.

फार कमी जणांना माहीत असतं, पण सोलापूरचा स्वतःचा निर्देशांक निघतो. केंद्र सरकारचं लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी जो ग्राहक किंमत निर्देशांक काढतं, त्याच्या ८८ केंद्रांत सोलापूर आहे. त्या यादीत ते अजून Sholapur या जुन्या स्पेलिंगनेच सापडतं. २०१६ सालच्या किमती म्हणजे १००, असं त्याचं माप आहे. यंदाचा आकडा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा घ्या, फरकाला गेल्या वर्षीच्या आकड्याने भागा, शंभराने गुणा. ही झाली सोलापूरच्या कामगार कुटुंबांची वर्षभरातली महागाई. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ताही याच मालिकेच्या देशपातळीवरच्या आकड्यावर ठरतो.

घरचा आकडा काढायचा असेल, तर दर महिन्याला येणारे पाच-सहाच खर्च घ्या: किराणा, दूध, गॅस, वीज, शाळेची फी, औषधं. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची बिलं काढा. मात्र सामान तेवढंच धरा. पूर्वी दोन लिटर तेल लागायचं आणि आता तीन लागतं, तर ती महागाई नाही, खप वाढला.

४. पण २०२५ मध्ये महागाई अगदी शून्याजवळ आली होती. मग पैसे खात्यात राहिले तर बिघडलं काय?

ऑक्टोबर २०२५ चा आकडा ०.२५ टक्के होता, हे बरोबर आहे. त्या महिन्यापुरता बचत खात्याचा २.५ टक्के दर महागाईच्या पुढे होता. फक्त हा आकडा कशाशी तुलना करून काढला, ते बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या भडकल्या होत्या आणि महागाई ६.२ टक्क्यांवर होती. त्या चढ्या किमतींशी तुलना झाल्यामुळे वाढ जवळजवळ दिसलीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर कमी झाल्याचाही हातभार लागला. दोन्ही वर्षं मिळून पाहिलं, तर किमती साडेसहा टक्क्यांनी वाढल्या, म्हणजे सरासरी वर्षाला सव्वातीनच्या आत-बाहेर. तेवढ्यालासुद्धा अडीच टक्के पुरत नाहीत.

महागाईचा दर खाली येणं म्हणजे किमती खाली येणं नव्हे. आधी चढलेल्या किमती बहुतेक तिथेच राहतात, पुढची चढण तेवढी मंदावते. शिवाय महागाई उतरली की रिझर्व्ह बँक रेपो दर कमी करते आणि पाठोपाठ बँका ठेवींचे दर उतरवतात. २०२५ मध्ये रेपो ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला, तेव्हा हेच झालं. रिझर्व्ह बँकेने डोळ्यांसमोर ठेवलेलं लक्ष्यच ४ टक्क्यांचं आहे. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे नीट चाललं, तरी अडीच टक्क्यांचं खातं मागेच पडणार.

५. मग बचत खात्यात ठेवायचे तरी किती?

एका महिन्याचा घरखर्च, शिवाय त्याच्या निम्मे ते पाऊणपट. ईएमआय, विमा हप्ता, वीजबिल खात्यातून आपोआप कापलं जात असेल, तर तेही त्यात धरा. हप्ता परत गेला तर होणारा दंड वाचवलेल्या व्याजापेक्षा मोठा असतो.

त्यापुढे अडीअडचणीसाठी चार-पाच महिन्यांचा खर्च हाताशी असावा. तो बचत खात्यातच हवा असं नाही, एका दिवसात मिळाला म्हणजे झालं. मला भेटलेल्या बहुतेकांचा घोटाळा इथेच असतो. अडचणीचे पैसे आणि नुसतेच पडून राहिलेले पैसे एकाच खात्यात असतात, मग सगळेच ‘असू दे, लागतील’ म्हणून तसेच राहतात.

६. एखादं पूर्ण उदाहरण मांडून दाखवाल का?

जुळे सोलापुरातलं एक नमुन्याचं कुटुंब घेऊ. दोघं कमावते, महिन्याचा खर्च २८ हजार, बचत खात्यात ४ लाख, कर्ज नाही. मुलीची पुढची मोठी फी १४ महिन्यांनी भरायची आहे, दीड लाख. आज त्या ४ लाखांवर अडीच टक्क्यांनी वर्षाला १०,००० रुपये व्याज येतं.

प्रश्न ५ प्रमाणे ५० हजार बचत खात्यात राहू द्यायचे. १ लाख २० हजार त्याच खात्याला जोडलेल्या ऑटो स्वीप ठेवीत टाकायचे (प्रश्न ७). हे दोन्ही मिळून सहा महिन्यांचा खर्च होतो. फीचे दीड लाख १३ महिन्यांच्या एफडीत ठेवायचे, म्हणजे फी भरायच्या महिनाभर आधी ती मोकळी होईल. उरलेल्या ८० हजारांची पाच वर्षं तरी गरज नाही, म्हणून ते पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात. २०२५ मध्ये त्याचा दर ७.७ टक्के होता.

एका वर्षाचं व्याज असं येतं: बचत खात्याचे १,२५०, स्वीप ठेवीला साडेपाच टक्के धरले तर ६,६००, एफडीला सव्वासहा टक्के धरले तर ९,३७५, प्रमाणपत्रांचे ६,१६०. एकूण २३,३८५ रुपये. पूर्वीपेक्षा १३ हजारांनी जास्त, आणि यात शेअर बाजाराचा संबंध कुठेही आलेला नाही.

आता याची मर्यादाही बघा. महागाई ५ टक्के असेल, तर ४ लाखांची ताकद टिकवायला २०,००० लागतात. कर बसत नसेल तर हे कुटुंब त्याच्या थोडं पुढे राहतं. पण कमावणारा २० टक्क्यांच्या कराच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह कर वजा जाता हातात साधारण साडेअठरा हजार उरतात. म्हणजे ५ टक्के महागाईत ते थोडे मागे पडतात, ४ टक्के असेल तर पुढे राहतात. एवढ्या मांडणीने गळती जवळजवळ थांबते. यातून श्रीमंत होता येईल असं कुणी सांगत असेल, तर तो दुसरं काहीतरी विकतोय.

७. ऑटो स्वीप म्हणजे काय? आमच्या शाखेत तर कुणी कधी सांगितलंच नाही.

बचत खात्यात ठरावीक रकमेच्या वर गेलेले पैसे आपोआप मुदत ठेवीत वळवायचे आणि खात्यात कमी पडले की त्या ठेवीतून हवे तेवढेच परत आणायचे, अशी ही सोय. प्रत्येक बँक तिला वेगळं नाव देते. बऱ्याचदा ती आपोआप सुरू नसते, अर्ज करावा लागतो किंवा ॲपमध्ये पर्याय निवडावा लागतो. जिथे ही सोय नाही, तिथे २०-२० हजारांच्या सुट्या एफडी करा. काम तेच होतं, फक्त हाताने करावं लागतं.

अर्ज करण्याआधी शाखेत चार गोष्टी विचारा. किती रकमेच्या वरचे पैसे वळतात? ठेवीचे तुकडे किती हजारांचे होतात? मुदतीआधी तुकडा मोडला तर व्याजातून किती कापतात? आणि मोडताना आधी जुनी ठेव मोडते की नवी? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण नवी ठेव आधी मोडत असेल तर जुनीवर साठलेलं व्याज सुरक्षित राहतं.

स्वीपचा फायदा होतोय की नाही, हे खातेउतारा बघून कळतं. दर महिन्याला ठेव तयार होऊन पाच-सहा दिवसांतच मोडत असेल, तर तिला जवळजवळ काहीच व्याज मिळत नाही, कारण बहुतेक बँका सात दिवसांच्या आत मोडलेल्या ठेवीला व्याज देत नाहीत. अशा वेळी खात्यात ठेवायची रक्कम वाढवून घ्या.

८. व्याजावर कर किती बसतो? बचत खात्याचं व्याज करमुक्त असतं ना?

पूर्ण करमुक्त नाही. जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजाला १० हजारांपर्यंत वजावट मिळते, ज्येष्ठ नागरिकांना ठेवींचं व्याज धरून ५० हजारांपर्यंत. नव्या करप्रणालीत या वजावटी नाहीत. मात्र २०२५-२६ पासून तिथे १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि व्याज त्या १२ लाखांत मोजलं जातं.

फसगत होते ती स्वीपमध्ये. पैसे बचत खात्यातच दिसत असले, तरी स्वीप ठेवीचं व्याज हे मुदत ठेवीचं व्याज आहे. १० हजारांची वजावट त्याला लागू नाही. एका बँकेत वर्षाला ५० हजारांच्या वर ठेवींचं व्याज झालं, तर बँक टीडीएस कापते. ज्येष्ठांसाठी ही मर्यादा १ लाख आहे. टीडीएस कापला नाही म्हणजे कर लागत नाही, असा मात्र अर्थ नाही.

९. आमच्या पेठेतली पतसंस्था बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देते. तिथे का ठेवू नये?

कारण पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. व्यापारी बँका आणि नागरी सहकारी बँका यांच्यातल्या ठेवींना ते आहे. मुद्दल आणि व्याज मिळून एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची आहे, त्याआधी ती १ लाख होती. एकाच बँकेच्या दोन शाखांत खाती असली, तरी ती एकत्र मोजतात.

हे पुस्तकी वाटत असेल तर आठवा. सप्टेंबर २०२२ मध्ये सोलापुरातल्याच लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. तिथल्या ठेवीदारांना ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी विम्याचा आधार होता. पतसंस्था बुडाली तर या विम्याचं दार उघडं नसतं. सगळ्या पतसंस्था वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पण महागाईचे दोन टक्के वाचवायला सगळं मुद्दल पणाला लावणं हा सौदा मला पटत नाही. सहकारी बँकेत ठेवतानाही व्याजासकट ५ लाखांच्या आत राहा.

१०. वडील निवृत्त झालेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवले की महागाईची काळजी मिटते का?

योजना चांगली आहे. २०२५ मध्ये दर ८.२ टक्के, मुदत पाच वर्षं, एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत. १० लाख ठेवले की दर तिमाहीला २०,५०० रुपये येतात. पण काळजी मिटते असं म्हणता येणार नाही, आणि हे निवृत्तांना लवकर लक्षात येत नाही.

ते २०,५०० पाच वर्षं तेवढेच राहतात. पहिल्या वर्षी त्यात जेवढं भागतं, तेवढं पाचव्या वर्षी भागत नाही. मुदत संपल्यावर १० लाख जसेच्या तसे परत येतात, पण ५ टक्के महागाईत त्यांची ताकद आजच्या ७ लाख ८० हजारांएवढी झालेली असते. आलेलं सगळं व्याज खर्च केलं, तर ही झीज भरून काढायला काहीच उरत नाही.

म्हणून जमेल तेवढं व्याज बाजूला टाकायचं. तिमाहीच्या २०,५०० पैकी ८ हजार खर्चाला घेऊन बाकीचे साडेबारा हजार पुन्हा ठेवीत घालता आले, तर मुद्दलाची ताकद जवळपास टिकते. बहुतेकांना एवढं जमत नाही, खर्चच तेवढा असतो. मग निदान पाचेक हजार तरी वळवा, आणि व्याज ज्या बचत खात्यात जमा होतं तिथेच ते साठू देऊ नका. ८.२ टक्क्यांचं व्याज अडीच टक्क्यांच्या खात्यात दोन-दोन वर्षं पडून राहिलेलं मी अनेक पासबुकांत पाहिलंय.

११. एवढी कटकट करण्यापेक्षा सोनं घेतलेलं काय वाईट?

लांबच्या काळासाठी थोडं सोनं असू द्या. अडचणीच्या पैशांसाठी दागिना कामाचा नाही. घेताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी जातो, मोडताना तो परत येत नाही, आणि गरज पडेल त्या दिवशी भाव चढाच असेल असं नाही.

१२. माझे सहा यंत्रमाग आहेत. धंद्याचे दोन-तीन लाख चालू खात्यात पडून असतात. त्यांचं काय करू?

चालू खात्याला व्याजच नसतं, त्यामुळे तिथे महागाईचा पूर्ण फटका बसतो. पण आधी सांगा, कॅश क्रेडिट घेतलंय का? घेतलं असेल तर एफडी, स्वीप सगळं बाजूला ठेवा आणि मोकळी रक्कम कॅश क्रेडिट खात्यात भरा. तिथे रोजच्या उचलीवर व्याज लागतं. दर १० टक्के असेल आणि २ लाख रुपये तीन महिने भरून ठेवले, तर ५,००० रुपये व्याज वाचतं. सुताचं पेमेंट करायच्या दिवशी तेच पैसे पुन्हा उचलता येतात. सव्वासहा टक्क्यांची एफडी तीन महिन्यांत ३,१२५ देईल, वर त्यावर कर.

सोलापुरात याच्या उलट चित्र सर्रास दिसतं. एका बँकेत कॅश क्रेडिट पूर्ण उचललेलं आणि दुसऱ्या बँकेत ‘सुरक्षित’ म्हणून एफडी. घरगुती कर्जालाही हेच लागू. वैयक्तिक कर्ज १२-१३ टक्क्यांनी चालू असेल, तर प्रश्न ५ मधली रक्कम बाजूला काढून उरलेल्यातून आधी ते फेडा. कॅश क्रेडिट नसेल, तर बँकेत चालू खात्याला स्वीप मिळतो का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतो.

१३. आजोबांचं एक जुनं खातं आहे, बारा वर्षांत कुणी हात लावलेला नाही. पैसे गेले का?

गेले नाहीत. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, पण त्यावर बचत खात्याचं व्याज पडत राहतं. दहा वर्षांनंतर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत जाते. तिथून ती मागता येते, आणि मागायची ती खातं होतं त्याच बँकेकडे. आजोबा हयात असतील तर त्यांची केवायसी कागदपत्रं पुरतात. नसतील तर मृत्यू दाखला आणि वारसाचे किंवा नॉमिनीचे कागद लागतात. खातं नेमकं कुठल्या बँकेत होतं तेच आठवत नसेल, तर udgam.rbi.org.in या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. नाव इंग्रजीत तीन-चार स्पेलिंगनी टाकून बघा. जुन्या नोंदींत आडनावं आणि गावांची नावं वाटेल तशी लिहिलेली सापडतात.